घरी सोलर कुकर बनवून त्यांची खरी तुलना कशी करायची: पेटी की नरसाळं, फॉइल की आरसा

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात सोलर कुकर दरवर्षी असतोच आणि बहुतेक वेळा शेजारी एक तक्ता लावलेला असतो की आमच्या कुकरमध्ये इतकं तापमान गेलं. मग परीक्षक विचारतात, "तुमचा दुसरा कुकर लहान होता म्हणून हरला ना?" आणि तिथे सगळं थांबतं. मी भाचीबरोबर पुण्यात गच्चीवर हे सगळं करून बघितलंय, आणि कुकर बनवणं हे यातलं सोपं काम आहे, अवघड आहे ते दोन कुकरना एकमेकांसमोर नीट उभं करणं. म्हणून हा लेख बनवण्यापेक्षा तुलनेवर जास्त आहे.

आपण दोनच आकार घेणार आहोत, काचेचं झाकण असलेली पेटी आणि फॉइल लावलेलं नरसाळं. आणि रिफ्लेक्टरसाठी तीन गोष्टी: घरातली ॲल्युमिनियम फॉइल, चकचकीत मिरर फिल्म आणि साधा काचेचा आरसा. डिशसारख्या पॅराबोलिक कुकरबद्दल शेवटी थोडं लिहिलंय, पण नवीन माणसाने तिथून सुरुवात करू नये असं माझं मत आहे.

1. आधी सामान गोळा करा

- दोन खोकी, एक साधारण 50 × 50 सेंमीचं आणि त्यात बसेल असं 40 × 40 सेंमीचं, आतल्याची उंची 15 ते 18 सेंमी
- पातळ, सहज वळणारा पुठ्ठा, किमान 110 × 55 सेंमी (फ्रिज किंवा टीव्हीच्या खोक्याचा मिळतो, जाड असेल तर एका बाजूने हलक्या घड्या पाडून वळवा)
- 4 मिमी जाडीची काच, आतल्या खोक्यापेक्षा चारी बाजूंनी 2 सेंमी मोठी, काचवाल्याकडून कडा घासून घ्या
- ॲल्युमिनियम फॉइल, मिरर फिल्म, आणि 40 × 40 सेंमीचा आरसा
- अगदी एकसारखी दोन पातळ ॲल्युमिनियमची पातेली, 18 सेंमी व्यासाची, झाकणासकट
- ब्लॅकबोर्डचा काळा मॅट रंग
- दोन एकाच मॉडेलचे डिजिटल प्रोब थर्मामीटर, तार असलेले, आणि हवेसाठी एक वेगळा
- ओव्हन बॅग (साधी प्लास्टिकची पिशवी नाही, का ते खाली येतंय)
- पत्र्याचा तुकडा, जुने पेपर, गव्हाच्या पिठाची खळ, चिकटपट्टी, वजनकाटा, गॉगल

पातेलं जाड बुडाचं किंवा स्टीलचं घेऊ नका. आणि दोन्ही पातेली एकाच दुकानातून, एकाच वजनाची घ्या, कारण एक जाड आणि एक पातळ असलं तर तुम्ही कुकरची नाही पातेल्यांची तुलना करत बसाल. बाहेरून आणि झाकणावर काळा रंग द्या, आतून अजिबात नाही. रंग वाळल्यावर ती रिकामी पातेली एखाद दिवस कुकरमध्ये कडक तापवून घ्या म्हणजे रंगाचा वास आणि वाफ निघून जाते, त्यानंतरच त्यात अन्न.

2. पेटी बनवा

लहान खोकं मोठ्यात ठेवायचं आणि मधल्या सगळ्या फटीत, खालीसुद्धा, चुरगळलेले पेपर भरायचे. फार ठासू नका, उष्णता अडवते ती कागदात अडकलेली हवा. भाताचं तूस किंवा कोरडा भुसाही चालतो. थर्माकोल मात्र आतल्या बाजूला नको, पेटी रिकामी तापली की 100 अंशांच्या वर सहज जाते आणि तेवढ्यात थर्माकोल मऊ पडून आकसतो आणि वासही सुटतो.

आतल्या भिंतींना फॉइल चिकटवा आणि तळाला काळा रंगवलेला पत्रा ठेवा. काच वर नुसती ठेवली तर कडेने गरम हवा निघून जाते, म्हणून खोक्याच्या काठावर जुन्या कापडाची घडी किंवा सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवून त्यावर काच टेकवा. घट्ट बसलीय की नाही हे कसं कळणार? काचेच्या काठाजवळ पेटलेली उदबत्ती फिरवा, धूर जिथे अचानक वाकतो तिथे फट आहे.

आता मागच्या काठाला 40 × 40 सेंमीचा पुठ्ठ्याचा फ्लॅप, चिकटपट्टीची बिजागरी करून. ह्यावरच आपण फॉइल, फिल्म आणि आरसा आळीपाळीने लावणार आहोत, म्हणून तो बदलता येईल असा ठेवा. सुतळीने बांधून कोन पक्का करायचा.

फ्लॅपचा कोन हा लोक अंदाजाने ठेवतात आणि तिथेच खूप काही वाया जातं. सूर्य अगदी डोक्यावर असेल (पुण्यात मेच्या मध्यावर दुपारी असतो) तर फ्लॅप जमिनीच्या पातळीपासून 60 अंशांवर, म्हणजे बाहेरच्या बाजूला थोडा कललेला ठेवायचा. ह्या कोनात फ्लॅपच्या अगदी वरच्या टोकावरून आलेला उजेड काचेच्या बरोबर समोरच्या काठावर पडतो, म्हणजे पूर्ण फ्लॅप कामाला लागतो आणि उजेड बाहेरही सांडत नाही. डिसेंबरमध्ये पुण्यात दुपारी सूर्य फक्त 48 अंश वर असतो, तेव्हा तोच फ्लॅप जवळजवळ सरळ उभा लागतो. मधल्या महिन्यांत मधे कुठेतरी. कोनमापक घेऊन बसायची गरज नाही, काचेवर एक पांढरा कागद अंथरा आणि फ्लॅप हलवा, चमकदार चौकोन पूर्ण काच झाकेल तिथे सुतळी बांधा. हे करताना गॉगल लावा आणि आरशात सूर्याकडे बघू नका.

3. नरसाळं बनवा

ह्याचं गणित मस्त जमतं. पुठ्ठ्यावर 55 सेंमी त्रिज्येचं अर्धवर्तुळ काढा, त्याच केंद्रापासून 15 सेंमी त्रिज्येचं छोटं अर्धवर्तुळ कापून टाका. उरलेल्या तुकड्याच्या दोन सरळ कडा एकमेकींना जोडल्या की आपोआप 55 सेंमी तोंडाचं नरसाळं तयार होतं आणि खाली 15 सेंमीचं भोक राहतं. ह्या आकारात सरळ आत येणारा उजेड भिंतीवर आपटून मधल्या भागात, साधारण तळापासून वर एक वीत उंचीपर्यंत, एकवटतो आणि आपलं 18 सेंमीचं पातेलं बरोबर तिथेच बसतं.

फॉइल लावायची ती वळवण्याआधी, पुठ्ठा सपाट असताना. खळ पातळ करून ब्रशने लावा, फॉइल टाका आणि मऊ कापडाने मधून बाहेर अशी सपाट करत जा. चकचकीत बाजू वर. खरं तर दोन्ही बाजू जवळपास सारखाच उजेड परत पाठवतात, पण मंद बाजू तो जरा पसरवते, तर घेतलीच आहे तर चकचकीत लावा.

नरसाळं बादलीत किंवा छोट्या खोक्यात तिरकं टेकवून सूर्याकडे तोंड करून ठेवायचं. आत लाकडाचा ठोकळा, त्यावर पातेलं सपाट, आणि पातेलं ओव्हन बॅगमध्ये घालून तोंड बांधायचं, बॅग थोडी फुगलेली राहील अशी. ह्या बॅगेशिवाय नरसाळं जवळपास निकामी आहे, वारा पातेल्याची सगळी उष्णता घेऊन जातो. साधी पॉलिथिनची पिशवी तापलेल्या पातेल्याला चिकटते आणि वितळते, म्हणून ती नको. ओव्हन बॅग नाही मिळाली तर पातेल्यावर काचेचा मोठा बोल पालथा घाला, पण मग दोन्ही प्रयोगांत तोच वापरा.

4. दोघांना समान पातळीवर आणा

परीक्षकांचा तो प्रश्न इथे सुटतो. मोठा कुकर जास्त उजेड गोळा करतो म्हणून जिंकणारच, त्यातून आकाराबद्दल काहीच कळत नाही. तर आधी मोजायचं की प्रत्येक कुकर सूर्याचा किती उजेड अडवतो.

ह्यासाठी सावली वापरा. एक मोठा सपाट पुठ्ठा घ्या, त्यात एक खिळा काटकोनात उभा खोचा आणि पुठ्ठा असा तिरका करा की खिळ्याची सावलीच पडणार नाही, म्हणजे पुठ्ठा बरोबर सूर्यासमोर आहे. आता त्या पुठ्ठ्यापुढे कुकर जसा वापरणार तसाच धरा आणि पडलेल्या सावलीची कड पेन्सिलने आखून घ्या, मग चौरस मोजा. पेटीच्या बाबतीत फक्त काच आणि फ्लॅपने अडवलेला भाग धरा, खोक्याच्या जाड भिंतींची सावली सोडून द्या.

आपल्या मापांत हे छान जुळतं. सूर्य डोक्यावर असताना पेटीची काच 0.16 चौरस मीटर आणि 60 अंशावरचा फ्लॅप अजून 0.08, एकूण 0.24. नरसाळ्याचं 55 सेंमीचं तोंड पण जवळपास 0.24 चौरस मीटरच. हिवाळ्यात पेटीचा आकडा वेगळा येईल, म्हणून प्रयोगाच्या दिवशी सावलीनेच तपासा, आणि फरक असेलच तर निकाल त्या क्षेत्रफळाने भागून लिहा.

पाणी किती? सोलर कुकर तपासायच्या अमेरिकन स्टँडर्डमध्ये उजेड अडवणाऱ्या दर चौरस मीटरला 7 किलो पाणी धरतात. आपल्याला म्हणजे 1.7 किलोच्या आसपास. मी सोयीसाठी 1.5 किलो घेते, दोन्हीकडे वजन करून, डोळ्याने बघून नाही. अर्धा कप पाणी घेऊन "20 मिनिटांत उकळलं" म्हणणं सोपं आहे पण चार माणसांच्या भाताबद्दल त्यातून काही कळत नाही.

5. थर्मामीटर आधी तपासा

दोन्ही प्रोब एकत्र बर्फाच्या पाण्यात आणि मग एकत्र उकळत्या पाण्यात धरा. बर्फात 0 आणि पुण्यात उकळताना साधारण 98 दिसलं पाहिजे, 100 नाही, कारण पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. मुंबई किंवा रत्नागिरीत 100 च्या जवळ. दोघांत एक अंशाचा फरक असला तर लिहून ठेवा आणि वजा करा.

प्रोब पातेल्याच्या झाकणाला छोटं भोक पाडून पाण्यात सोडायचा, टोक बुडाला किंवा भिंतीला टेकता कामा नये. आणि तार सावलीत बाहेर काढा. उन्हात पडलेला प्रोब स्वतःच तापतो आणि भलताच आकडा दाखवतो, हवेचं तापमान मोजतानाही तो सावलीत टांगलेला हवा.

6. प्रयोगाचा दिवस

निरभ्र आकाश आणि वारा कमी, फेब्रुवारी ते मे सर्वात बरं. वेळ सूर्य सर्वात वर येण्याच्या दोन-दोन तास आधी-नंतरची, पण त्यासाठी घड्याळातले 12 धरू नका. आपलं घड्याळ 82.5 अंश रेखांशावरचं आहे आणि पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला, त्यामुळे पुण्यात सूर्य सर्वात वर येतो तो एप्रिलमध्ये 12:35 च्या सुमारास आणि फेब्रुवारीत पावणेएकच्या पुढे. म्हणून साडेदहा ते अडीच अशी वेळ बरोबर बसते.

दोन्ही कुकर शेजारी शेजारी, एकाच वेळी. ही अट सर्वात महत्त्वाची आहे. सोमवारी पेटी आणि मंगळवारी नरसाळं असं केलं तर हवेतली धूळ, पातळ ढग, वारा सगळं बदलतं आणि उजेड मोजायचं खरं उपकरण आपल्याकडे नसतं. मोबाइलचं लक्स ॲप त्या कामाचं नाही, त्याचा सेन्सर एवढ्या उन्हासाठी बनवलेलाच नाही. एकाच वेळी ठेवले की दोघांना तेच ऊन मिळतं आणि प्रश्न मिटतो.

जमल्यास तिसरं काळं पातेलंही तेवढंच पाणी घालून नुसतं उन्हात ठेवा, कुठल्याही कुकरशिवाय. उन्हाळ्यात ते पण बऱ्यापैकी तापतं, आणि कुकरने खरंच किती भर घातली हे त्याच्याशिवाय दाखवता येत नाही.

दर 10 मिनिटांनी तिन्ही तापमानं आणि हवेचं तापमान लिहा. झाकण उघडून बघायचं नाही! सूर्याप्रमाणे फिरवायचं ते ठरलेल्या वेळी, दोन्ही एकदमच, समजा दर 20 मिनिटांनी. पाणी 95 च्या जवळ आलं की नोंदी तुलनेसाठी थांबवा, कारण त्यापुढे उष्णता वाफ करण्यात जाते आणि तापमान वाढत नाही, मग चांगला कुकर उगाच ढिला दिसतो.

दुसऱ्या स्वच्छ दिवशी पातेली आणि थर्मामीटर अदलाबदल करून पुन्हा. जिंकणारा बदलला तर फरक कुकरचा नव्हताच.

7. आकडे कसे वाचायचे

दर 10 मिनिटांत पाण्याने किती उष्णता घेतली ते काढायचं:

पॉवर (वॅट) = पाण्याचं वजन (ग्रॅम) × 4.186 × वाढलेले अंश ÷ 600

खालचे आकडे पद्धत समजावण्यासाठी धरलेत. समजा पेटीतलं पाणी 10 मिनिटांत 50 वरून 56 वर गेलं. 1500 × 4.186 × 6 ÷ 600 म्हणजे साधारण 63 वॅट. नरसाळ्यातलं 50 वरून 57 वर, म्हणजे 73 वॅट. नरसाळं पुढे. आता पुढे जाऊन 80 च्या वर बघा: पेटीत 10 मिनिटांत साडेतीन अंश वाढले, 37 वॅट, नरसाळ्यात 3 अंश, 31 वॅट. आता पेटी पुढे!

असं उलटणं अगदी शक्य आहे आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पाणी जेमतेम कोमट असताना दोन्हीकडून उष्णता फारशी निसटत नाही, त्यामुळे जो उजेड जास्त नीट पातेल्यावर आणतो तो जिंकतो, नरसाळ्यात उजेड थेट पातेल्यावर पडतो. पाणी तापलं की खेळ उष्णता धरून ठेवण्याचा होतो आणि तिथे पेपर भरलेल्या भिंती एका पातळ बॅगेला मागे टाकतात. म्हणून "कोणता कुकर चांगला" ह्याचं एकच उत्तर सुरुवातीच्या वेगावरून देऊ नका. स्टँडर्डमध्येही म्हणूनच पाणी हवेपेक्षा 50 अंशांनी जास्त गरम असताना किती पॉवर आहे ते बघतात, म्हणजे हवा 33 असेल तर पाणी 83 च्या आसपास असतानाची नोंद. शिजणं पण तिथेच चाललेलं असतं, त्यामुळे मला हा आकडा सर्वात प्रामाणिक वाटतो.

आलेख काढा, आडव्या रेषेवर पाणी आणि हवा ह्यांतला फरक, उभ्यावर वॅट. दोन्ही कुकरचे ठिपके खाली उतरणाऱ्या रेषेवर पडतात. जी रेषा हळू उतरते तो कुकर उष्णता चांगली धरतो. प्रदर्शनाच्या तक्त्यावर हा एक आलेख असला की बाकी फार काही सांगावं लागत नाही.

रिकाम्या पेटीचं तापमान मोजून "130 अंश!" लिहायचा मोह होतो. त्यावरून झाकण आणि भिंती किती चांगल्या आहेत ते कळतं, अन्नाला किती उष्णता मिळेल ते नाही. दोन वेगळ्या चाचण्या आहेत, एकत्र करू नका.

8. आता रिफ्लेक्टर: फॉइल की आरसा

इथे एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आकार तोच, पातेलं तेच, फक्त चकाकी वेगळी. दोन सारख्या पेट्या असल्या तर उत्तम, एकावर फॉइलचा फ्लॅप, दुसऱ्यावर आरशाचा.

पण प्रयोगाआधी एक हिशोब करून बघा, म्हणजे किती फरक शोधायचाय ते कळेल. चांगला काचेचा आरसा किंवा मिरर फिल्म आलेल्या उजेडापैकी साधारण 85 ते 90 टक्के परत पाठवते. सपाट फॉइलसुद्धा जवळपास तेवढीच! गोष्ट बिघडते ती सुरकुत्यांमुळे, उजेड परत जातो पण भलतीकडे. समजा सुरकुतलेल्या फॉइलवरून 70 टक्केच हवा तिथे पोचला आणि आरशावरून 88.

पेटीत 0.24 पैकी 0.16 उजेड थेट काचेतून येतो, फ्लॅपवरून फक्त 0.08. तर फॉइलने मिळतात 0.16 + 0.056, आरशाने 0.16 + 0.070. म्हणजे एकूण फरक फक्त 7 टक्क्यांच्या आसपास. ह्यात काचेवर तिरपा पडणारा उजेड थोडा काचच परत फेकते, तर प्रत्यक्षात अजून कमी. वाऱ्याची एक झुळूक किंवा काचेखालची एक फट एवढा फरक सहज गिळून टाकते.

नरसाळ्यात उलटं आहे. 18 सेंमीच्या पातेल्यावर थेट पडणारा उजेड एकूण तोंडाच्या दहाव्या भागाएवढाच, बाकी सगळा भिंतीवरून येतो. तिथे तोच 70 आणि 88 चा बदल एकूण उष्णतेत 22 टक्क्यांचा फरक पाडतो.

तर "फॉइल चांगली की आरसा" हा प्रश्न आकार सांगितल्याशिवाय विचारताच येत नाही. पेटीसाठी फॉइल पुरेशी आहे आणि वाचलेले पैसे काचेची कड नीट बंद करण्यात घाला, किंवा दुहेरी काच करा. नरसाळ्यासाठी मिरर फिल्म घ्या, वळवताना सुरकुती पडू न देता. काचेचा आरसा वळत नाही, जड असतो आणि गच्चीवर वाऱ्याने पडला तर काचा होतात, म्हणून तो फक्त पेटीच्या फ्लॅपला आणि मागून फळीचा आधार देऊन. चिप्सच्या पाकिटाची आतली बाजू धुवून कापून लावता येते, चकाकी चांगली असते, फक्त तुकडे छोटे आणि सपाट करायला चिकाटी लागते. स्टीलचा पत्रा चमकतो खूप पण परत पाठवतो बराच कमी, दिसण्यावर जाऊ नका.

फिल्म किंवा आरशावर बोट फिरवून धूळ येतेय का बघा. उन्हाळ्यात गच्चीवर एका दिवसात थर बसतो, प्रयोगाच्या सकाळी दोन्ही रिफ्लेक्टर मऊ ओल्या कापडाने पुसा, एकच पुसला तर तुलना गेली.

9. नेहमी अडणाऱ्या जागा

काचेच्या आतून पाण्याचे थेंब जमले तर पातेल्याचं झाकण सैल आहे. वाफ निघतेय, उष्णता घेऊन जातेय, आणि थेंबांमुळे उजेडही अडतोय. झाकणावर छोटं वजन ठेवा.

सुरुवातीला दोन्हीकडचं तापमान वाढतं आणि मग एकाचं अचानक वाढायचं थांबतं, तर बहुतेक फ्लॅपची किंवा नरसाळ्याच्या काठाची सावली पातेल्यावर आली आहे. सूर्य तासाला 15 अंश सरकतो. पेटी हे बऱ्यापैकी सहन करते, नरसाळं नाही. ही पण एक चाचणी आहे खरं तर: एक तास दोघांना हातच लावू नका आणि बघा कोण किती मागे पडतं. ज्याला सकाळी ठेवून कामाला जायचंय त्याच्यासाठी हा निकाल वॅटपेक्षा महत्त्वाचा.

हिवाळ्यात सपाट पेटी मागे पडली तर तो आकाराचा दोष धरू नका. 48 अंशांवरच्या सूर्याचा उजेड आडव्या काचेला तीन चतुर्थांशच मिळतो. मागच्या बाजूला विटा लावून पेटी सूर्याकडे कलती करा, आत पातेल्याखाली पाचर ठेवून ते सपाट करा आणि मगच तुलना.

डिशवाला कुकर करायचाच असेल तर घरावरची जुनी डीटीएच डिश घेऊन मधोमध पातेलं टांगू नका, तिचा केंद्रबिंदू मधे नसतोच, खालच्या बाजूला सरकलेला असतो, जिथे तो हात पुढे आलेला असतो तिथे. सुरकुती तिथे अजिबात चालत नाही, आणि सूर्य सरकला की काही मिनिटांतच उजेड पातेल्यावरून निसटतो. चमकदार ठिपक्यात कागद धरला तर पेटतो, म्हणून वापरात नसताना डिश पालथी किंवा झाकलेली, आणि लहान मुलं एकटी नकोत.

10. शेवटी अन्न

पाण्याचे निकाल पक्के झाले की अन्न शिजवून बघा, आधी नाही, कारण अन्नात मोजायला खूप गोष्टी बदलतात. सारख्या वजनाचा एकाच पोत्यातला तांदूळ, सारखं पाणी, दोन्हीकडे एकाच वेळी. पेटीत पाणी कमी आटतं म्हणून गॅसपेक्षा थोडं कमी घाला, वाटीभर तांदळाला दीड वाटीपासून सुरू करा. शिजलं का हे बघायला दोघांचं झाकण एकाच वेळी उघडा आणि शीत बोटांत दाबा, मधे कणी लागते का ते लिहा. तुरीची डाळ तासभर भिजवून घ्या.

ढग आले आणि अन्न 60 अंशांच्या खाली कोमट होऊन राहिलं तर संध्याकाळपर्यंत उन्हाची वाट बघत बसू नका, लगेच गॅसवर पूर्ण शिजवा. अर्धकच्चा भात किंवा डाळ तासन्‌तास कोमट ठेवणं पोटाला धोक्याचं आहे.

आणि एकदा शेंगदाणे नक्की ठेवा. रिकाम्या काळ्या ताटलीत, एकच थर, पाणी नाही, झाकण नाही, पेटीत. पाण्याच्या चाचणीत 98 वर अडकणारी पेटी इथे त्याच्या वर जाते, साल सुटायला लागते, आणि भाजताना दाणा करपत नाही. नरसाळ्यात ओव्हन बॅगमध्ये हेच करून दोन्हीकडचे दाणे मधून फोडून बघा, आतपर्यंत रंग कुठे जास्त सारखा आलाय ते.